पोथीत नसलेली ओळ

बिलट सहनी छातीभर पाण्यात बुडून मेला, असं पोलीस ठाण्याच्या कागदावर लिहिलं गेलं. मल्लाहाचा, नावाड्याचा मुलगा, चालायच्या आधी पोहायला शिकलेला, पोखरीच्या तळाशी जाऊन मखान्याचं बी वेचण्यात ज्याचा हात पंचक्रोशीत कुणी धरू शकत नव्हतं, तो छातीभर पाण्यात बुडाला. आमच्या सिमरटोल गावात त्या कागदाला कुणी हसलं नाही आणि वरच्या टोलात, आम्हा ब्राह्मणांच्या वस्तीत, कुणी रडलंही नाही.

ती पोखर, म्हणजे तळं, देवीच्या देवळामागची. तीन वर्षांसाठी ती मल्लाहांच्या सोसायटीला दिली होती, कागद करून. तिसरं वर्ष सरायच्या आधीच देवळाच्या कमिटीला ती परत हवीशी झाली, कारण मखान्याचा भाव चढला होता. आश्विनात, भर दुपारी, बिलट बी काढायला उतरला. पाच जण लाठ्या घेऊन काठावर गेले. म्हणाले, देवीचं धन चोरतोस. पुढे होता माझा धाकटा भाऊ शुभनाथ.

त्या दुपारी तो घरी आला, पाय धुतले, पाटावर बसला. माशाचं कालवण होतं. भात वाढताना त्याच्या मनगटाला चिकटलेलं हिरवं शेवाळ मला दिसलं. मी काही विचारलं नाही. तो म्हणाला, "दीदी, भात अजून." मी वाढला.

साक्षीदार मिळाला नाही. केस मिटली. पण आमच्यात आणखी एक दार असतं, ठाण्याच्या पलीकडचं, आणि ते माझ्या वडिलांच्या ओसरीतून उघडतं.

बाबूजी, पंडित गुणेश्वर मिश्र, हे आमच्या भागातले व्यवस्था देणारे शेवटचे. कुणाच्या हातून गाय मेली, कुणी न जेवायच्या घरी जेवलं, कुणाच्या हातून मनुष्य गेला, तर पाप किती, त्याला प्रायश्चित्त कोणतं, हे ते शास्त्र पाहून लिहून देत. त्या कागदाला व्यवस्थापत्र म्हणतात. तो सभेत मोठ्याने वाचला जातो आणि त्यावर तिघांच्या सह्या लागतात. प्रायश्चित्त असेल, तर करणाऱ्याने अंगावरच्या कपड्यांनिशी बुडी मारायची, ओलेत्याने सभेपुढे उभं राहायचं आणि आपल्या तोंडाने सांगायचं, मी अमुक, माझं गोत्र अमुक, माझ्या हातून हे झालं. त्याशिवाय व्रत सुरूच होत नाही. व्रतापेक्षा लोक त्या एका वाक्याला भितात.

आठ वर्षांपूर्वी काचबिंदूने बाबूजींचे दोन्ही डोळे गेले. त्याच वर्षी मी सासर सोडून माहेरी आले होते. लहानपणी, मी मुलगी आहे हे विसरून, त्यांनी मला मिथिलेची जुनी तिरहुता लिपी शिकवली होती. आता ते विसरणं कामी आलं. पोथ्या मी वाचायची, पत्रं मी लिहायची, सही तेवढी ते करायचे, कागदावर मी पट्टी धरली की तिच्या कडेने बोट सरकवत. गावात मला दोन गोष्टींसाठी ओळखत. एक, पंडितजींचे डोळे म्हणून. आणि दुसरी, लग्नात गाणी उचलणारी, पहिला सूर लावणारी म्हणून.

कार्तिकात शुभनाथच्या मुलीचं, ललिताचं लग्न ठरलं. घर चांगलं, मुलगा दरभंग्यात नोकरीला. सगळं झालं आणि मुलाच्या आजोबांनी निरोप धाडला: तुमच्या घरावर माणसाच्या हत्येची बोलवा आहे; व्यवस्थापत्र येईपर्यंत आम्ही तुमच्या घरचं पाणी घेणार नाही.

शुभनाथ त्याच सकाळी ओसरीवर आला. हातात मोबाइल.

"बाबूजी, मोठं काही लिहायचं नाही. एक श्लोक लिहा फक्त. प्रायश्चित्त नाही, एवढंच."

"कोणता श्लोक?"

"अहिंसा परमो धर्मः, धर्महिंसा तथैव च. अहिंसा मोठी, पण धर्मासाठी केलेली हिंसाही तितकीच मोठी. भारतातलाच आहे, महाभारतातला. जिल्ह्याच्या देवळाच्या कमानीवर हा एवढाल्या अक्षरांत रंगवलाय. कॅलेंडरवर आहे. ह्याच्यावर तर दिवसातून दहादा येतो." त्याने मोबाइल पुढे केला, मग वडील आंधळे आहेत हे आठवून मागे घेतला. "अर्धाच श्लोक शिकवला आम्हाला इतकी वर्षं. दुसरा अर्धा लपवून ठेवला."

"कुणी लपवला?"

"असेल कुणीतरी."

बाबूजी हसले. त्यांचं हसू मला आवडायचं; त्यात कुणाला कमी लेखणं नसायचं. म्हणाले, "लपवायचा तर पोथ्यांतून खरडून काढावा लागेल, बौआ. काश्मीरपासून मलबारपर्यंत, शारदा, बंगाली, तेलुगू, सगळ्या लिप्यांतल्या पोथ्यांतून. एवढे हात कुणाचे आहेत? बुच्ची, काढ गं. आदिपर्व, वनपर्व आणि अनुशासन."

तिन्ही गाठोडी मी उतरवली. तांबड्या खादीत बांधलेली, वर-खाली आंब्याच्या फळ्या, आत आमच्या खापरपणजोबांच्या हातची सुटी पानं. किडीने कडा खाल्लेल्या. चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप, अजून सोन्यासारखा.

"शब्द तीन जागी ठळक आहेत," बाबूजी म्हणाले. "पहिली वाच."

पहिली जागा रुरूची. त्याच्या वाग्दत्त वधूला साप चावला, तेव्हा आपलं अर्धं आयुष्य देऊन त्याने तिला परत आणलं. आणि मग दिसेल तो साप काठीने मारत सुटला. एक दिवस रानात म्हातारा, बिनविषारी साप पडलेला दिसला. काठी उगारली तर तो बोलला: मी तुझं काय केलं? चावणारे वेगळे, आम्ही वेगळे. नुसत्या वासावरून मारतोस आम्हाला. आणि मग तोच साप त्याला सांगतो की अहिंसा हा सगळ्या प्राण्यांचा परम धर्म, म्हणून ब्राह्मणाने कुणालाही कुठेही मारू नये.

मी पुढची ओळ वाचली. दंड हातात धरणं, कठोर होणं, प्रजा राखणं, हा क्षत्रियाचा धर्म.

शुभनाथ सावरून बसला. "हे बघा. आहेच की अट. पुढच्याच ओळीत."

"आहे," बाबूजी म्हणाले. "पूर्ण ऐक. तो धर्म तुझा नाही, असं साप रुरूला सांगतो. रुरू ब्राह्मण होता. तू कोण आहेस?"

शुभनाथने मोबाइल खिशात घातला.

"दंड राजाचा. राजा म्हणजे आज ठाणं, कचेरी. तुला पोखर हवी होती तर कचेरीत जायचं होतंस. बुच्ची, दुसरी."

दुसरी जागा वनपर्वातली, आणि ती आमचीच, मिथिलेची. तपाचा गर्व चढलेला एक ब्राह्मण इथे येतो आणि मिथिलेच्या बाजारात मांस विकणाऱ्या व्याधाकडून धर्म शिकतो. व्याध काही स्वतःला निर्मळ म्हणवत नाही. तो म्हणतो, नांगर चालतो तेव्हा जमिनीतले जीव मरतात, पाऊल पडतं तेव्हा मरतात, धान्याच्या दाण्यात जीव असतो. या जगात हिंसा न करणारा आहे कोण? तरी तोच हेही सांगतो. पान हातात धरून मी वाचलं: अहिंसा परमो धर्मः, स च सत्ये प्रतिष्ठितः. अहिंसा हा परम धर्म, आणि तो सत्यावर उभा आहे.

"ही दुसरी अर्धी," बाबूजी म्हणाले. "तू म्हणतोस तिथे हे आहे. अट हवी होती ना तुला? ही घे."

तिसरी जागा भीष्मांची. बाणांवर पडलेला म्हातारा धर्मराजाला सांगतो आहे की अहिंसा हाच परम धर्म, हाच परम संयम, हेच परम दान, हेच परम तप. एका मागोमाग एक, झोका घ्यावा तशी ओळ पुढे जाते आणि पुन्हा त्याच शब्दावर येते. तिथे विषय मांस खाण्याचा आहे.

"मग आपण मासे खातो ते?" शुभनाथ म्हणाला.

"त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. खातो."

"आणि कृष्णाने अर्जुनाला लढायला लावलं ते?"

"ते युद्ध. दोन्हीकडे शस्त्रं होती. आणि त्याच कृष्णाने, अर्जुन धर्मराजावर तलवार उपसून धावला तेव्हा सांगितलं, प्राण न घेणं हे मला सगळ्यांत थोर वाटतं. तेही काढायला सांगू का बुच्चीला? बिलटच्या हातात काय होतं?"

उत्तर शुभनाथने द्यायचं होतं. मी दिलं. "बांबू. मखाना सरकवायचा."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. दुपारी तो जयकांत झांना घेऊन आला. ते पाठशाळेचे आचार्य, साठीचे, नेहमी इस्त्रीचा कुर्ता. पाठशाळेच्या नव्या छपराचे पैसे देवळाच्या कमिटीकडून यायचे होते, आणि कमिटी म्हणजे शुभनाथ. पण त्यांच्याकडे महाभारताचे पुण्याचे ते जाड खंड होते, ज्यांत देशभरच्या पोथ्या ताडून प्रत्येक ओळ ठरवली आहे आणि जी ओळ टिकली नाही तीही तळटिपेत लिहून ठेवली आहे, कुठल्या पोथीत सापडली त्यासकट.

"पंडितजी, मी सकाळपासून पाहिलं," जयकांत म्हणाले. "वर नाही. तळटिपांतही नाही. टाकलेल्या ओळींतही नाही. कुणी टाकायला ती आधी असायला तर हवी."

"म्हणजे नाहीच."

"भारतात नाही. लोकांत आहे." मग चहाचा घोट घेऊन त्यांनी हळूच भर घातली. "पोथीला कडेला जागा असते, शुभनाथ म्हणत होता. लिहिणाऱ्याच्या नजरेतून सुटलेली ओळ कडेला भरायची चाल आहेच."

बाबूजींनी हात पुढे केला, अंदाजाने वनपर्वाचं पान शोधलं आणि त्यावर पंजा ठेवला. लहान मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. जयकांत चहा अर्धा टाकून उठले.

तेव्हा शुभनाथचा आवाज फुटला. "ठीक आहे. सांगा मग. काय प्रायश्चित्त?"

बाबूजींना हिशेब तोंडपाठ होता. "ब्राह्मण मारला तर बारा वर्षं. शूद्र मारला तर त्याचा सोळावा हिस्सा. नऊ महिने."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. सोळावा हिस्सा. पोथीतल्या ओळी खऱ्या, तसा हा आकडाही खरा होता, त्याच कपाटातल्या दुसऱ्या पोथीतला. माझे वडील तो चांगल्या मनाने सांगत होते.

"नऊ महिने मी काढीन," शुभनाथ म्हणाला. "जमिनीवर झोपेन, एकदा जेवेन. पण सभेत उभं राहून बोलायचं? मी मारलं म्हणून? नवऱ्याकडचे बसलेले असताना? ठाण्याची केस उद्या उघडेल. आणि ललिता? ठेवा तिला घरी. दीदीसारखी. पोथ्या वाचेल."

बाबूजींनी मान खाली घातली. मग म्हणाले, "बुच्ची, वनपर्वाचं पान पुन्हा वाच."

मी वाचलं. स च सत्ये प्रतिष्ठितः.

"पान चिकटलं असेल. खालची ओळ वर आली असेल. नीट सोडव आणि वाच."

पान चिकटलेलं नव्हतं. मी वाचलं.

"पुन्हा."

हा श्लोक त्यांना पाठ होता. माझ्या वयाच्या सातव्या वर्षी मला मांडीवर घेऊन त्यांनीच तो पाठ करून घेतला होता. मग माझ्या ध्यानात आलं. त्यांना ऐकायचं नव्हतं; माझ्याकडून वदवून घ्यायचं होतं. एकदा तरी मी चुकावं, डोळे असलेल्या मुलीने म्हणावं की हो बाबूजी, आहे इथे, कडेला आहे. मग तो दोष डोळ्यांचा ठरला असता, आणि डोळे माझे होते. तिसऱ्यांदा मी इतकं स्पष्ट वाचलं की अंगणात धान पाखडणारी बाई थांबून पाहू लागली.

"बरं," ते म्हणाले. "उद्या पत्र लिहू."

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून त्यांनी सांगायला सुरुवात केली. वर गणेश, मग तिथी, मग प्रश्न. मग उत्तर. आवाज थरथरला नाही. "लिही. अहिंसा परमो धर्मो धर्महिंसा तथैव च, इति भारते श्रूयते. म्हणून देवधन राखताना जे घडलं त्यात शुभनाथास दोष नाही, प्रायश्चित्त नाही."

श्रूयते. ऐकू येतं. किती सोयीचा शब्द. कुठे लिहिलंय असं कुणी विचारलं, तर लिहिलंय असं म्हटलंच नव्हतं.

लेखणी माझ्या हातात होती. बाहेर ललिता आरसा घेऊन उन्हात केस सोडवत बसली होती. तिचं काही चुकलं नव्हतं. पण रमसखीचंही चुकलं नव्हतं. रमसखी म्हणजे बिलटची बायको. आदल्या संध्याकाळी घाटावर ती मला भेटली होती; मला ती दाई म्हणते, आमच्याकडे मोठ्या घरच्या लेकीला म्हणतात तसं. म्हणाली, "दाई, मला पोखर नको, पैसे नकोत. एकाने कुणीतरी लोकांपुढे म्हणावं की तो बुडाला नाही. माझी मुलं शाळेत बुडालेल्याची मुलं म्हणून जातात. पाण्याला लाजतात ती." मी तिला म्हटलं होतं, सभेच्या दिवशी ये.

मी लिहिलं. अक्षर न अक्षर माझं स्वतःचं. अहिंसा परमो धर्मः स च सत्ये प्रतिष्ठितः, वनपर्वात, अमुक पानावर. धर्महिंसेची ओळ कुठल्याही पोथीत नाही. शुभनाथ मिश्र याने आणखी चौघांसह बिलट सहनी यास लाठीने मारले. नऊ महिने व्रत. आधी सभेपुढे स्वतःच्या तोंडाने सांगावे.

"झालं?" बाबूजींनी विचारलं.

"झालं."

मी पट्टी धरली. त्यांनी सही केली.

सभा देवीच्या देवळापुढच्या चौथऱ्यावर भरली, मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हात. सतरंज्या, पान-सुपारी, मखान्याच्या परड्या. नवऱ्याकडचे आजोबा उशीला टेकून. दुसरे सही करणारे पंडित पलीकडच्या गावचे. त्यांना जेवणाची घाई होती, त्यांनी न वाचताच सही केली. मी बायकांबरोबर खांबामागे उभी होते. चौथऱ्याखाली पिंपळाजवळ, चपला काढून ठेवतात त्या जागेपाशी, रमसखी बसली होती, दोन्ही मुलांना घेऊन. मुलांना तिने तेल लावून भांग पाडला होता.

पत्र वाचायला जयकांत झा उभे राहिले. चष्मा लावला. गणेश वाचला, तिथी वाचली. प्रश्न वाचला. मग थांबले.

त्यांचे डोळे ओळीवरून सरकताना मला दिसत होते. शेवटपर्यंत गेले, परत वर आले. बाबूजी मान वर करून बसलेले, चेहऱ्यावर ऊन. शुभनाथ पान चघळायचा थांबला.

"अहिंसा परमो धर्मः," जयकांत म्हणाले.

आणि तेवढ्यात सभेतूनच कुणीतरी, सहज, भजनाचं ध्रुपद पुरं करावं तसं म्हटलं, "धर्महिंसा तथैव च." मग दहा जणांनी. मग सगळ्यांनी. मुलं, म्हातारे, नवऱ्याकडचे. कमानीवर वाचून, मोबाइलवर ऐकून ज्याच्या त्याच्या जिभेवर ते आधीच बसलेलं होतं. जयकांतना ती ओळ स्वतः म्हणायची गरजच पडली नाही. त्यांनी हात वर करून लोकांना शांत केलं, कागदावर नजर ठेवली आणि त्यावर नसलेलं म्हणाले, "इति भारते श्रूयते. दोष नाही. प्रायश्चित्त नाही." मग तिसरी सही करून कागदाची चौपदरी घडी केली आणि कुर्त्याच्या आतल्या खिशात ठेवली. "पत्र पाठशाळेच्या पेटीत राहील."

नवऱ्याकडच्या आजोबांनी पाण्याचा पेला मागितला आणि प्यायले. सगळीकडे हसू पसरलं.

मी खांबामागे उभी होते. तोंड उघडायला किती वेळ लागला असता? चार शब्द, आठ अक्षरं. मला ती सातव्या वर्षापासून येतात. मी पदर दातांत धरला. पिंपळाखाली रमसखीने मुलांच्या चपला नीट लावल्या, त्यांना पायात घालायला लावल्या आणि ती निघून गेली. वळून पाहिलं नाही.

उतरताना जयकांत माझ्याजवळ थांबले. "दाई, तुझं अक्षर फार सुंदर आहे," म्हणाले. "पेटीत ठेवण्यासारखं."

घरी बाबूजींना मी हात धरून आणलं. ओसरीच्या पायरीवर ते थांबले. "स च सत्ये लिहिलंस ना?"

मी त्यांचा हात सोडला.

"लेखणी ऐकतो मी, बुच्ची. मी सांगत होतो तेवढ्यात तू दुप्पट लिहिलंस." ते पायरीवर बसले. चेहरा कितीतरी दिवसांनी शांत होता. "मला ठाऊक होतं तू तेच लिहिशील. म्हणून तर तुला लिहायला बसवलं. माझी सही खऱ्यावर झाली. माझ्या हाताला डाग नाही."

"आणि सभेत?"

"सभेत मी काही बोललो का?"

त्यांच्या नखांत अजून सहीची शाई होती. मी तांब्या आणला, त्यांचे हात धुतले, एक एक बोट. मला वाटलं होतं मी त्यांच्या विरुद्ध उभी राहिले. मी नुसती त्यांचे हात धुण्याचं पाणी झाले होते.

तीन दिवस मी मल्लाहटोलीकडे गेले नाही. चौथ्या दिवशी गेले. रमसखीच्या छपराखाली भट्टी पेटलेली. दोघी बाया कढईत मखान्याचं काळं बी परतत होत्या, आणि रमसखी गरम बी फळीवर टाकून लाकडी थापीने एकेका घावात फोडत होती. काळ्या बोंडातून पांढरी लाही उडे. बोटांची टोकं भाजून टणक झालेली. ती मला पाहून थांबली नाही. थांबली असती तर बी निवलं असतं.

मी बाजूला बसले. आणि सांगितलं. कागदावर काय लिहिलंय ते सगळं, ओळ न ओळ. ओळ पोथीत नाही हे. मारलं हे. कुणी मारलं हे, नाव घेऊन, माझ्या भावाचं. नऊ महिनेही सांगितले.

"नऊ महिने," ती म्हणाली. थापी पडत होती. "का गं, बामण मेला तर किती?"

"बारा वर्षं."

कढईवरची बाई हसली. "एवढ्यात तर मूल होतं, रमसखी. माणूस मारायला आणि जन्माला घालायला सारखाच वेळ."

रमसखी हसली नाही. पुढचं बी तिने फळीवर घेतलं. "हे सगळं आम्हाला ठाऊक होतं, दाई. तुमचा श्लोक सोड, बाकी सगळं. कुणाची लाठी आधी पडली तेसुद्धा. आम्हाला कशाला सांगतेस?"

मी म्हटलं, "मला तिथे बोलता आलं नाही."

"हूं."

"ललिताचं लग्न..."

"हो. लग्न." तिने हाताच्या पाठीने कपाळ पुसलं. "तू गाणार ना? तुझ्याशिवाय कोण गातं वरच्या टोलात?"

मी मान डोलावली.

"मुलांना मी तुझा शब्द दिला होता," ती म्हणाली, रागाने नव्हे, बाजारात उरलेल्या मालाबद्दल बोलावं तसं. "धाकटा विचारत होता, कधी सांगणार, कधी सांगणार. मग ते सगळे एकदम ओरडले तेव्हा त्याला वाटलं, आता सांगतायत. तोही ओरडला त्यांच्याबरोबर. त्या दिवसापासून तेच म्हणत फिरतोय घरभर. मी किती मारलं, थांबत नाही."

आतून मुलाचा आवाज येत होता. खेळताना म्हणतात तसा, ताल धरून, अर्थ न कळता. आधी पहिला अर्धा, मग दुसरा. एकही अक्षर चुकत नव्हतं.

लग्न पंचमीला झालं. गाणी मीच उचलली.